हुरड्याच्या गप्पांतून रीतसर निमंत्रण कसं काढायचं

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हुरडा पार्टीच्या गप्पा चालल्यात. साहेब म्हणाले, "याचं नीट निमंत्रण काढ, कार्यक्रमपत्रिका आणि ठिकाणासकट, डायरेक्टरसाहेबांनाही जाणार आहे." ऑफिस बाणेरला, आम्ही ३२ जण. गप्पांचा नमुना खाली देतोय. हे औपचारिक भाषेत आणायचं कसं?

– हुरडा पार्टी करूया ना यंदा, मागच्या वर्षी राहिलीच (यावर अकरा अंगठे)
– संक्रांतीनंतरचा शनिवार?
– मोराची चिंचोली मस्त आहे, भावाच्या ओळखीचा शेतकरी आहे तिथे
– लांब पडतं रे, नगर रोडचं ट्रॅफिक माहितीय ना
– मग लवकर निघू, सातला वगैरे
– सातला?? शनिवारी??
– मी खराडीला राहते, मला तिथूनच घ्या
– पोरांना आणलं तर चालेल का?
– साहेब येणार असतील तर पाच वर्षंवाल्यांचा सत्कार पण उरकून घेऊ
– पैसे कंपनी देणार ना, की कॉन्ट्री?
– माझा शनिवारचा उपास, माझं काय 😀
– आणि 'बसायची' सोय?

उत्तर:

भाषेचं शेवटी बघू, ते सगळ्यात सोपं आहे. आधी या बारा ओळींत ठरलेलं किती आहे ते मोजा. हुरडा, एवढं एकच. अकरा अंगठे म्हणजे कल्पना आवडली, येतो असं त्यात कोणी म्हटलेलं नाही. "सातला वगैरे"वर दोन प्रश्नचिन्हं पडली आणि विषय तिथेच सोडून सगळे पुढे गेले, म्हणजे वेळही ठरलेली नाही. पोरांचा प्रश्न, पैशांचा प्रश्न, उपासाचा प्रश्न यांना कोणी उत्तरच दिलेलं नाही. अशा गप्पा शुद्ध मराठीत लिहून काढल्या तर फक्त शुद्ध मराठीतल्या गप्पा हाती येतात. प्रशासन विभागात अशी पत्रं काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. निमंत्रण फसतं ते बहुतेक वेळा असं, की लिहिणाऱ्याने न ठरलेल्या गोष्टी गुळमुळीत वाक्यांत झाकलेल्या असतात. मग शुक्रवारी रात्री त्याचा फोन वाजायला लागतो.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी साहेबांकडून पाच गोष्टी लेखी घ्या. तोंडी नको. साधा मेसेज चालेल: "सर, निमंत्रणासाठी पाच गोष्टी हव्यात. खर्च पूर्ण कंपनीचा का? कुटुंबीय आणायचे का? येणं ऐच्छिक आहे का, कारण शनिवार सुट्टीचा आहे. निमंत्रण तुमच्या नावाने की विभागाच्या? सत्कार कोणाकोणाचे?" उत्तर आलं की तुमचं अर्धं पत्र तयार झालं. यातला तिसरा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, पण नेमका तोच विचारा. सुट्टीच्या दिवशी "सर्वांनी उपस्थित राहणे आवश्यक आहे" असं कंपनीच्या पत्रात गेलं, तर "मग बदली सुट्टी मिळणार का?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त असेल. पुढच्या नमुन्यासाठी मी असं धरतोय: खर्च कंपनीचा, फक्त विभागातले सहकारी, येणं ऐच्छिक, निमंत्रण विभागप्रमुखांच्या नावाने, सत्कार तिघांचा.

दुसरा फोन शेतकऱ्याला. पंगतीच्या जेवणाची तारीख आपण ठरवतो, हुरड्याची तारीख पीक ठरवतं. रब्बीची ज्वारी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. दाण्यात चीक भरलेला असतो, पण दाणा अजून कडक झालेला नसतो, त्या मोजक्या दिवसांत हुरडा होतो. पुढे तो निबर होतो. हुरडा पार्ट्या घेणारे शेतकरी त्यामुळे टप्प्याटप्प्याने पेरणी करतात, एक तुकडा संपेपर्यंत दुसरा तयार व्हावा म्हणून. तेव्हा "१७ तारीख रिकामी आहे का?" एवढंच विचारू नका. १७ तारखेला खायला कोणत्या वावरातला हुरडा असेल आणि तो तेव्हा कोवळा असेल का, ते विचारा. आगट्या किती पेटवणार तेही विचारा, कारण एका आगटीभोवती दहा-बारा माणसं नीट बसतात. ३२ जणांना दोनच आगट्या असतील तर तिसरी तुकडी ताटकळत उभी राहते आणि तुमच्या वेळापत्रकाचे बारा वाजतात. शेवटी, त्या दिवशी दुसरा ग्रुप आहे का? शनिवारी तो बहुधा असतोच. मग सत्काराला वेगळी सावली मिळेल का, माईक आहे का, हे आत्ताच मोकळं करून घ्या. या फोनआधी तारीख छापू नका.

आता कार्यक्रमपत्रिका. बहुतेक लोक ती सकाळपासून खाली लिहीत जातात: सातला निघणे, नऊला पोहोचणे, आणि मग दुपारी सगळं कोंबून बसतं. त्याऐवजी दिवसातली जी गोष्ट हलवता येत नाही ती आधी कागदाच्या मध्यावर लिहा आणि तिथून दोन्हीकडे सरका. इथे ती गोष्ट म्हणजे आगटी. हुरडा गरम असतानाच खायचा, गार झाला की चिवट लागतो, आणि आगटीतून कणसं एकामागून एक निघत असतात. त्याला अर्धा तास देऊन भागत नाही, दीड तास लागतोच. अकरा ते साडेबारा ही वेळ बरी. थंडीतलं ऊन तोवर सोसवतं आणि सकाळचा नाश्ताही जिरलेला असतो.

सत्कार हुरड्याच्या आधी की नंतर, यावर ऑफिसांत उगाच वाद होतो. आधीच ठेवा. कणसं चोळून हात काळे होतात, कपड्यांना राख लागते, आणि त्याच हातांनी शाल, श्रीफळ आणि फोटो होतात. शिवाय पहिलं कणीस बाहेर आलं की भाषण कोणी ऐकत नाही. डायरेक्टरसाहेब आपल्या गाडीने येतील आणि जेवून लगेच निघतील असं धरून चाला. सत्कार जेवणानंतर ठेवलात तर एकतर ते अडकतील, नाहीतर सत्कार त्यांच्याशिवाय होईल.

अकराला आगटी म्हणजे सव्वादहा ते पावणेअकरा स्वागत आणि सत्कार. त्याआधी चहा-नाश्ता, म्हणजे साडेनऊला पोहोचायला हवं. नाश्ता हलका सांगा, पोह्यांची एक बशी पुरे. मिसळ ठेवलीत तर हुरडा वाया जाईल. मोराची चिंचोली पुण्यापासून साधारण ५० ते ५५ किलोमीटर, पण बाणेरहून निघणारी बस आधी अख्खं शहर ओलांडते, आणि पुढे वाघोली ते लोणीकंद या पट्ट्यात शनिवारी सकाळीही गर्दी लागू शकते. बाणेर ७.००, खराडी बायपास ७.४५, चिंचोली ९.३०, यात वीसेक मिनिटांची फट राहते. म्हणजे तुमच्या ग्रुपवरच्या "सातला??"चं उत्तर असं की हो, सातलाच, कारण अकराला आगटी पेटते. हे कारण एका वाक्यात ग्रुपवर सांगून टाका, पत्रात नको. कारण कळलं की लोक कुरकुरतात पण येतात.

दुपारकडे सरकताना लक्षात ठेवा की हुरडा पोटभर होतो. दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, भाजलेली वांगी, वर उसाचा रस, एवढं झाल्यावर दीड वाजता कोणी जेवत नाही. जेवण दोनला घ्या. साडेबारा ते दोन बैलगाडी, विटीदांडू, ज्याला जे हवं ते. पत्रिकेत या वेळेला मिनिटामिनिटाचे खेळ लिहू नका, "मोकळा वेळ व खेळ" एवढंच पुरे. गावाच्या नावात मोर आहेत म्हणून "मोरदर्शन" असंही लिहू नका. मोर पहाटे आणि सांजेला दिसतात, तुम्ही तिथे असाल भर दुपारी. पत्रिकेत लिहिलेली प्रत्येक ओळ हा शब्द असतो, आणि मोर तुमच्या हातात नाहीत. चार वाजता निघालात तर अंधाराच्या सुमाराला लोक शहरात असतील, जानेवारीत सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो.

ठिकाणाच्या बाबतीत तुमच्या ग्रुपवर "चिंचोली" असा शब्द सर्रास फिरत असेल. पत्रात तो एकटा कधीही जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात चिंचोल्या पुष्कळ आहेत. देहूरोडजवळ एक आहे, सोलापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीला तेच नाव आहे, मुंबईत मालाडला चिंचोली बंदर आहे. बाणेरला राहणारा माणूस आपल्या गाडीने निघाला आणि नकाशात नुसतं "चिंचोली" टाकलं तर तो मुंबई-पुणे रस्त्याला लागायला वेळ लागत नाही. पत्त्यात केंद्राचं पूर्ण नाव, "मोराची चिंचोली", तालुका शिरूर, जिल्हा पुणे, आणि कोणत्या रस्त्याने यायचं ते लिहा: पुणे–अहिल्यानगर रस्त्याने शिक्रापूर, तिथून आत. शिक्रापूरनंतरची वळणं मात्र केंद्राच्या माणसाला विचारून त्याच्या शब्दांत घ्या, कारण शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्येच गाड्या चुकतात. नकाशावरची खूणही त्याच्याकडूनच मागा आणि स्वतः उघडून बघा. शेतातल्या केंद्रांची खूण पुष्कळदा घराच्या जागी असते, गाड्यांचं फाटक दुसऱ्याच बाजूला असतं. पत्त्याखाली त्या माणसाचा नंबर द्या, तुमचा नको. तुम्ही तेव्हा बसमध्ये हजेरी घेत असाल.

एवढं हाती आलं की पत्र लिहायला अर्धा तास पुरतो. पूर्ण नमुना देतो. कंसातल्या जागा तुम्ही भरा.

---

(कंपनीचे नाव)
बाणेर, पुणे
दि. ५ जानेवारी २०२६

विषय: विभागाचा वार्षिक स्नेहमेळावा व हुरडा पार्टी – शनिवार, दि. १७ जानेवारी २०२६

प्रिय सहकारी,

सस्नेह नमस्कार.

आपल्या विभागाचा वार्षिक स्नेहमेळावा शनिवार, दि. १७ जानेवारी २०२६ रोजी मोराची चिंचोली (ता. शिरूर, जि. पुणे) येथे आयोजित केला आहे. ताज्या हुरड्याचा आस्वाद घेत एक दिवस शेतावर एकत्र घालवावा, असा बेत आहे. सेवेची पाच वर्षे पूर्ण करणाऱ्या तीन सहकाऱ्यांचा सत्कार या वेळी संचालक (नाव) यांच्या हस्ते होईल. आपण अवश्य यावे, ही आग्रहाची विनंती.

बसप्रवास, अल्पोपाहार, हुरडा व जेवण यांचा संपूर्ण खर्च कंपनी करणार आहे. हा कार्यक्रम विभागातील सहकाऱ्यांपुरता असून उपस्थिती ऐच्छिक आहे.

आपण येणार की नाही, बसमध्ये बाणेरला बसणार की खराडीला, आणि उपवास किंवा आहाराबाबत काही सांगायचे असल्यास ते, सोमवार, दि. १२ जानेवारी रोजी सायंकाळी ६ वाजेपर्यंत (समन्वयकाचे नाव व मोबाइल) यांना कळवावे. त्यानंतर केंद्राला अंतिम संख्या दिली जाईल.

कळावे,
(नाव)
विभागप्रमुख

सोबत: कार्यक्रमपत्रिका

कार्यक्रमपत्रिका
शनिवार, दि. १७ जानेवारी २०२६

सकाळी ६.४५ – बाणेर कार्यालयाच्या मुख्य फाटकाशी एकत्र येणे
सकाळी ७.०० – बस सुटेल
सकाळी ७.४५ – खराडी बायपास चौक येथे थांबा (५ मिनिटे)
सकाळी ९.३० – आगमन, चहा व अल्पोपाहार
सकाळी १०.१५ – स्वागत, संचालकांचे मनोगत, सत्कार
सकाळी ११.०० – हुरडा
दुपारी १२.३० – मोकळा वेळ व खेळ
दुपारी २.०० – भोजन
दुपारी ३.३० – तिळगूळ व चहा
दुपारी ४.०० – परतीचा प्रवास (खराडी अंदाजे ५.४५, बाणेर अंदाजे ६.४५)

स्थळ: (कृषी पर्यटन केंद्राचे पूर्ण नाव), मोराची चिंचोली, ता. शिरूर, जि. पुणे.
मार्ग: पुणे–अहिल्यानगर रस्त्याने शिक्रापूर, तेथून (केंद्राने सांगितलेला मार्ग).
केंद्रातील संपर्क: (नाव व मोबाइल). नकाशा: (दुवा)

सूचना: स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी सकाळी ९.३० पर्यंत पोहोचावे. टोपी, पाण्याची बाटली व बंद बूट सोबत असावेत. कार्यक्रमस्थळी मद्यपान व धूम्रपानास परवानगी नाही.

---

आता या पत्रातल्या काही जागा, जिथे गप्पांची सवय किंवा लग्नपत्रिकेची सवय घोळ घालते.

पहिली म्हणजे "सहकुटुंब सहपरिवार". आपल्या हाताला हे शब्द इतके बसलेले आहेत की निमंत्रण म्हटलं की ते आपोआप उतरतात. एका पत्रात ते असेच, केवळ लय म्हणून गेले, आणि चाळीसच्या बसला साठ माणसं आली. कुटुंबाला बोलवायचं नसेल तर ते सांगावंच लागतं, पण "कुटुंबीयांना आणू नये" असं तोडून लिहू नका. "विभागातील सहकाऱ्यांपुरता" म्हटलं की अर्थ पोहोचतो आणि कोणाचं मन दुखावत नाही. ज्यांनी पोरांचं विचारलं होतं त्यांना पत्र जाण्याआधी तोंडी सांगा. त्यांना ते पत्रातून कळू नये.

"आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे" हेही लग्नाचंच. आणि सगळ्यांना आवडणारं "प्रमुख पाहुणे" इथे चुकीचं आहे, कारण डायरेक्टर आपल्याच कंपनीत पाहुणे कसे? "यांच्या हस्ते" पुरेसं आहे. नावांमागे श्री. आणि सौ. लावायचा मोहही टाळा. सहकारी बाईंच्या लग्नाची नोंद तुमच्या पत्राने घ्यायचं कारण नाही. एकतर सगळ्यांना श्री. आणि श्रीमती, नाहीतर नुसतं नाव आणि हुद्दा.

दुसऱ्या टोकाला सरकारी मराठी असते. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, सदर स्नेहमेळाव्याचे आयोजन करण्यात आलेले असून" असं सुरू झालं की वाचणाऱ्याला नोटीस आल्यासारखं वाटतं. "आयोजित केला आहे" म्हणा. औपचारिकपणा तीन गोष्टींतून येतो: कर्ता स्पष्ट असणं, "आपण" हे संबोधन शेवटपर्यंत टिकणं, आणि तारीख-वेळ-ठिकाण एका नजरेत सापडणं. "सदर", "उपरोक्त", "तरी" यांनी तो येत नाही. "तुम्ही" आणि "आपण" यांची सरमिसळ हा गप्पांतून पत्र काढल्याचा सगळ्यात ठळक पुरावा असतो. पहिल्या परिच्छेदात "आपण यावे" आणि सूचनांत "टोपी घेऊन या" असं झालं की दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं दिसतं.

पैशाचं वाक्य मी मुद्दाम मोठं ठेवलंय. "खर्च कंपनी करेल" एवढ्यावर "बसचा पण का?" हा मेसेज येतोच. काय काय कंपनीचं ते चार शब्दांत मोजून दिलं की तो येत नाही. कॉन्ट्री काढायची असती तर रक्कम, कोणाकडे, कधीपर्यंत, आणि ऐनवेळी न आल्यास पैसे परत मिळणार का, हे चारही लिहावं लागलं असतं. त्यातलं चौथं विसरलं की भांडण ठरलेलं.

उपासाचा प्रश्न ग्रुपवर हसण्यावारी गेला, पण तो खरा आहे. ज्वारी म्हणजे धान्य, शनिवार करणाऱ्याला हुरडा चालत नाही, आणि दिवसभराचा कार्यक्रमच हुरड्याचा आहे. केंद्राला आधी सांगितलं तर रताळी भाजून मिळतात, दाणे-गूळ असतोच, जेवणाला साबुदाण्याची खिचडी होते. त्या दिवशी सकाळी सांगितलं तर माणूस उसाच्या रसावर बसतो. लसणाच्या चटणीचं आणि जैन सहकाऱ्यांचंही तेच. म्हणून होकार मागतानाच आहाराचं विचारून घेतलं. वेगळा फॉर्म वगैरे काढायची ३२ जणांत गरज नाही.

आणि 'बसायची सोय'. काहीजण सुचवतात की याबद्दल पत्रात गप्प बसावं. मला ते पटत नाही. कंपनीच्या खर्चाने, कंपनीच्या बसने, सत्कारासह होणारा कार्यक्रम आहे. महाराष्ट्रात दारू पाजायला परवाना लागतो आणि शेतावरच्या केंद्राकडे तो सहसा नसतो. पत्रात ओळ नसेल तर डिकीत बाटली येते आणि तिथे नाही म्हणायचं काम तुमच्यावर, म्हणजे समन्वयकावर पडतं. ओळ असली की नियम कंपनीचा असतो. फक्त ती सूचनांत, शेवटी आणि साध्या शब्दांत असू द्या. विनोद नको, धमकीही नको.

डायरेक्टरसाहेबांना हेच पत्र जसंच्या तसं पाठवू नका. त्यांना "बाणेरला बसणार की खराडीला" विचारणं बरं दिसत नाही, आणि त्यांना जे हवं ते या पत्रात नाही. त्यांच्या पत्रात पहिला परिच्छेद बदला आणि त्यांच्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे ते लिहा: "आपण सकाळी १० वाजता यावे, सुमारे दहा मिनिटे सहकाऱ्यांशी बोलावे आणि आपल्या हस्ते तीन सहकाऱ्यांचा सत्कार व्हावा, अशी आमची विनंती आहे. सत्कारमूर्तींची माहिती सोबत जोडली आहे." किती वाजता, किती वेळ, काय करायचं, एवढं असलं की त्यांच्या कार्यालयातून फोन येत नाही. त्यांचा होकार आल्यावरच बाकीच्यांचं पत्र पाठवा. त्यांचं नाव छापून पत्र गेलं आणि ते येणार नसतील, तर सुधारित पत्र काढायची वेळ येते. सत्कार ज्यांचा आहे त्या तिघांनाही आधी सांगा. तो शनिवार त्यांनी दुसरीकडे दिला असेल तर सत्काराला अर्थ नाही.

पाठवण्यापूर्वी वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवून बघा. १७ जानेवारी २०२६ला शनिवारच आहे, पण गेल्या वर्षीचं पत्र उघडून त्यावर नवी तारीख टाकली की जुना वार तसाच राहतो, आणि निम्मी माणसं वार वाचतात, निम्मी तारीख. प्रत्येक वेळेआधी सकाळी-दुपारी आहे का तेही बघा. मग पत्र अशा माणसाला वाचायला द्या जो त्या ग्रुपवर नाही. त्याने एकही प्रश्न न विचारता "मी सकाळी कुठे आणि किती वाजता उभा राहू?" याचं उत्तर सांगितलं तर पत्र झालं.

पत्र ईमेलने गेल्यावर ग्रुपवर त्याची पीडीएफ टाका. पत्रातला मजकूर पुन्हा ग्रुपवर टाइप करू नका. तिथे कोणीतरी "साडेसहाला या" असं स्वतःच्या अंदाजाने लिहितो आणि दोन वेळा फिरायला लागतात. होकारही अंगठ्यावर धरू नका, नाव आणि बसण्याची जागा लिहून आली तरच मोजा. सोमवारी संध्याकाळी जे उरले त्यांना स्वतः फोन करा. आठ-दहा फोन असतात, अर्ध्या तासाचं काम. मंगळवारी केंद्राला आकडा द्या आणि त्यातले उपासाचे किती ते वेगळं सांगा.

काही बदललं तर जुनी फाइल गुपचूप बदलू नका. नवी काढा, विषयात "सुधारित" आणि तारीख लिहा आणि पहिल्याच ओळीत काय बदललं ते सांगा: "बस सुटण्याची वेळ ७.०० ऐवजी ६.३० केली आहे. बाकी कार्यक्रमात बदल नाही." हे दुसरं वाक्य विसरू नका, ते नसलं तर लोक सगळं पत्र पुन्हा वाचतात किंवा अजिबात वाचत नाहीत. अवकाळी पाऊस झाला तर वावरात चिखल होतो, आगटी पेटवणं कठीण जातं, तेव्हा तारीख पुढे ढकलायचा निर्णय कोण आणि कधी घेणार हेही साहेबांशी आधीच बोलून ठेवा. गुरुवारी दुपारपर्यंत निर्णय झाला तर बस आणि केंद्र दोन्हीकडे बोलता येतं.

बसचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल शुक्रवारी मिळतो, तो पत्रात बसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर एवढंच टाका: "उद्या बस क्र. (…), चालक (नाव व मोबाइल). बाणेर ७.००, खराडी ७.४५. खराडीला चौकात नाही, चौकाच्या पुढे वाघोलीच्या दिशेला थांबायचं. बस पाच मिनिटंच थांबेल." खराडीचा थांबा नेमका कुठे, हे त्याआधी ड्रायव्हरशी बोलून पक्कं करा. तो जिथे थांबायला तयार आहे तीच जागा लिहा.